वीस फुटी पाइपातले उरलेले तेरा फूट

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं मला एक यादी पाठवली. तीन मुलं मिळून हार्डवेअरच्या दुकानांसाठी बिलिंगचं ॲप बनवत होती. महिनाभरात ते बाजारात आणायचं होतं आणि त्यासाठी इन्स्टाग्रामवर एक कॅरोसेल हवं होतं, म्हणजे बोटानं सरकवत एकामागून एक बघायची चित्रं. यादीत सतरा ओळी होत्या. क्लाउड सिंक, ऑफलाइन मोड, मल्टि-युजर, पार्टीनिहाय लेजर, पर्यायी एकक, चलन शेअर, जीएसटीआर-१ एक्स्पोर्ट, असं बरंच काही. खाली एक वाक्य होतं: "हे सगळं फायद्यांच्या भाषेत करून द्या. मालक कामात असतात, त्यांना पटकन कळलं पाहिजे."

मी ते अर्ध्या दिवसात करून दिलं. "तुमचा व्यवसाय, आता तुमच्या खिशात." "वेळ वाचवा, विक्री वाढवा." "हिशेबाची चिंता सोडा." मुलांना ते आवडलं. रंगीत आठ चित्रं तयार झाली आणि चाचणी म्हणून त्यांनी ती टाकलीही. लाइक आले ते कॉलेजच्या मित्रांचे आणि नातेवाइकांचे. दुकानदाराचा एकही प्रश्न आला नाही.

रात्री मी ती आठही चित्रं पुन्हा उघडली. प्रत्येकावरचं ॲपचं नाव मनातल्या मनात पुसलं आणि तिथे इन्व्हर्टर, बँकेचं कर्ज, मुदत विमा असं एकेक ठेवून पाहिलं. सगळ्या ओळी सगळीकडे बसत होत्या. म्हणजे मी फीचरचा फायदा केलाच नव्हता. फीचर काढून टाकलं होतं आणि त्या जागी कुणालाही चालेल असं एक वाक्य ठेवलं होतं. दिवसभर काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला "वेळ वाचवा" असं सांगितलं की तो मनात पहिला प्रश्न विचारतो, "कुठला वेळ?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण त्याचा दिवस मी पाहिलाच नव्हता.

मैत्रिणीच्या सासऱ्यांचं फलटणला हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांना फोन केला आणि म्हटलं, काका, एक दिवस तुमच्या दुकानात बसू का? मध्ये बोलणार नाही. ते म्हणाले, "या की ताई. पण सकाळी साडेआठला या. दहानंतर येऊन काही दिसायचं नाही."

साडेआठला शटरसमोर सात-आठ जण उभे होते. गवंडी, प्लंबर, त्यांच्या हाताखालची पोरं. प्रत्येकाला साइटवर पोचायची घाई. एकानं सिमेंटच्या पोत्याच्या फाटक्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी पुढे केली: एक इंची एल्बो चार, टाकीचा निप्पल एक, सोल्युशनची छोटी डबी. काकांनी माल काढला, वहीत ठेकेदाराच्या पानावर दोन ओळी खरडल्या आणि पोरगं गेलंसुद्धा. दीड मिनिट लागलं असेल. साडेनऊपर्यंत अशा वीसेक चिठ्ठ्या झाल्या. त्यातल्या तीन-चार काकांनी नुसत्या खिशात टाकल्या, नंतर लिहू म्हणून.

दहाच्या सुमारास एक बाई आल्या. बाथरूमसाठी पाइप हवा होता, कुठला घेऊ ते कळत नव्हतं. शेजारच्यांनी सीपीव्हीसी सांगितलंय, प्लंबर यूपीव्हीसी म्हणतोय. काकांनी दोन्हींचा अर्थ सांगितला नाही. त्यांनी विचारलं, "गिझर बसवणार आहे का?" बाई हो म्हणाल्या. "मग गिझरपासून नळापर्यंत सीपीव्हीसी. बाकी गार पाण्याला साधा यूपीव्हीसी टाका, पैसे कशाला घालवता." बाई खूश होऊन गेल्या.

मी वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला जे जमलं नव्हतं ते हा माणूस दिवसातून पन्नास वेळा करत होता. पाइप किती तापमान सोसतो हे त्यांना नक्की माहीत होतं, पण ते बाईंना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी बाईंच्या घरातली ती जागा शोधली जिथे हा गुण कामाला येतो: गिझर ते नळ. फायदा तिथे राहतो. आणि त्याच दमात, जिथे तो गुण लागत नाही तिथे पैसे घालू नका, हेही सांगून टाकलं. बाईंचा विश्वास बसला तो या दुसऱ्या वाक्यामुळे, असं मला वाटतं.

दुपारी ज्याची वाट पाहत होते ते घडलं. एक ठेकेदार महिन्याचा हिशेब करायला आले. त्यांची गावात तीन ठिकाणी कामं चालू होती. काका पानं उलटत रकमा वाचत होते. एका ओळीवर ठेकेदार थांबले. "शेठ, हे माझं नाही. या तारखेला त्या साइटवर काम बंद होतं." काका म्हणाले, तुमचाच माणूस आला होता. "कोण माणूस?" नाव लिहिलेलं नव्हतं. चिठ्ठी सापडली नाही. सामान एक हजार आठशे चाळीस रुपयांचं होतं. पाच मिनिटं दोघं गप्प बसले. मग काकांनी ती ओळ पेनानं खोडली आणि चहा सांगितला. गिऱ्हाईक बारा वर्षांचं होतं, अठराशे रुपयांसाठी तोडायचं नव्हतं. ठेकेदार खोटं बोलत होते असंही नाही. त्यांच्याही हाताखाली पंधरा माणसं आहेत, कोण कुठे काय घेऊन गेलं हे त्यांनाही आठवत नव्हतं.

मला यादीतली ओळ आठवली: "पार्टीनिहाय लेजर, साइट टॅगसह, चलन शेअर." मुलांनी बनवलेली गोष्ट नेमकी या पाच मिनिटांसाठी होती आणि मी तिच्यावर "हिशेबाची चिंता सोडा" असं लिहून बसले होते.

पुण्याला परत येताना बसमध्ये मी सतरा ओळी पुन्हा काढल्या. या कामात एक जुनी रीत आहे. प्रत्येक फीचरपुढे "म्हणजे काय होतं?" असं विचारत जायचं. माल नेणाऱ्याचं नाव चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर येतं. म्हणजे काय होतं? कोणी नेलं याची नोंद राहते. म्हणजे काय होतं? महिनाअखेरीला "हे माझं नाही" असं कुणी म्हणालं तर दाखवायला काहीतरी असतं. म्हणजे काय होतं? भांडण होत नाही. म्हणजे? डोक्याला ताप नाही. म्हणजे? मनःशांती.

ही रीत शिकवताना वरवर जात राहा असं सांगतात, आणि माझी चूक तिथेच झाली होती. शिडी चढायची असते, पण कुठल्या पायरीवर थांबायचं ते ठरवावं लागतं. खालच्या पायरीवर यंत्राची भाषा असते. वरच्या टोकावर "मनःशांती" असते आणि तिथे जगातलं प्रत्येक उत्पादन येऊन उभं असतं. मी आता एकच कसोटी लावते: ज्या पायरीवरच्या गोष्टीचा फोटो काढता येतो तिथे थांबायचं. मनःशांतीचा फोटो निघत नाही. वहीवर पेन टेकवून बसलेल्या दोन माणसांचा निघतो. खोडलेल्या ओळीचा निघतो.

त्या कसोटीवर "पर्यायी एकक" ही सगळ्यात रूक्ष ओळ एकदम जिवंत झाली. हार्डवेअरच्या दुकानात माल एका मापानं येतो आणि दुसऱ्या मापानं जातो. स्क्रू किलोनं येतात आणि डझनानं जातात. पाइप वीस फुटी नळीनं येतो आणि फुटानं कापून जातो. साध्या बिलिंग ॲपमध्ये पाइप "नग" म्हणून चढवला की सात फूट विकायचे कसे हा प्रश्न पडतो. मग दुकानदार एक तर पूर्ण नग कमी करतो किंवा कमीच करत नाही, आणि चार महिन्यांत ॲपमधला साठा आणि मागच्या भिंतीला टेकवलेला साठा यांचा संबंध राहत नाही. मी चित्रावर लिहिलं: "वीस फुटी पाइपातले सात फूट विकले. उरलेले तेरा कुठे लिहिता?" त्याखाली लहान अक्षरात: "नळीनं घ्या, फुटानं विका. साठा फुटात दिसतो."

हे मी मुलांना दाखवलं तेव्हा त्यांच्यातल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं लगेच अडवलं. तो म्हणाला, "मॅडम, मूळ मसुद्यात तुम्ही पुढे लिहिलंय की तुकडा शिल्लक आहे का ते क्षणात कळेल. ते कळणार नाही." मला आधी समजेना. त्यानं कागदावर काढून दाखवलं. समजा एका नळीचे नऊ फूट उरलेत आणि दुसरीचे चार. ॲप दाखवणार तेरा फूट. गिऱ्हाइकाला हवाय दहा फुटांचा सलग पाइप. ॲप म्हणतंय आहे, भिंतीपाशी गेलं तर नाही. ॲपला एकूण लांबी कळते, तुकडे कळत नाहीत. प्रत्येक तुकडा वेगळा नोंदवता येईल, पण सकाळी साडेआठच्या गर्दीत ते कुणी करणार नाही.

मी ते वाक्य काढलं. फायदा लिहिताना सगळ्यात मोठा धोका हाच असतो. फीचर ज्यानं बनवलं त्याला त्याची मर्यादा माहीत असते, पण फायदा लिहिणारा एक पायरी वर चढतो आणि मर्यादा खालच्या पायरीवरच राहून जाते. म्हणून मी आता प्रत्येक ओळ लिहून झाली की बनवणाऱ्यासमोर ठेवते आणि एवढंच विचारते, "हे कधी खोटं ठरेल?" "बरोबर आहे का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात.

या प्रश्नानं आणखी एक शब्द गेला, आणि तो माझा फार आवडता शब्द होता: "आपोआप". ठेकेदाराच्या चित्रावर मी लिहिलं होतं, "माल दुकानाबाहेर पडताच ठेकेदाराला आपोआप व्हॉट्सॲप." कधी खोटं ठरेल? मुलगा म्हणाला, "नेहमीच." ॲप बिल झालं की व्हॉट्सॲप उघडतं, ठेकेदाराचा नंबर आणि सामानाची यादी त्यात भरलेली असते, पण पाठवायचं बटण मालकालाच दाबावं लागतं. खरोखर आपोआप पाठवायचं तर व्हॉट्सॲपची व्यवसायांसाठीची वेगळी सेवा घ्यावी लागते. तिचे पैसे वेगळे, मंजुरी वेगळी, आणि मुलांनी ती अजून जोडलेली नव्हती. "आपोआप" वाचून एखाद्यानं ॲप घेतलं असतं, महिनाभर बटण दाबलं नसतं, आणि महिनाअखेरीला ठेकेदार पुन्हा म्हणाले असते, हे माझं नाही. त्या दिवशी तो मालक आमच्यावर चिडला असता, आणि त्याचं बरोबरच असतं. आता चित्रावर आहे: "बिल झालं की एक बटण. कोणती साइट, काय सामान, कोणी नेलं, ठेकेदाराला त्याच वेळी कळतं." शब्द साधे झाले, पण हे दुकानात खरोखर घडतं.

इथे कायद्याचीही एक बाजू आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ पासून लागू आहेत. दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत खुलासा हवा आणि तो तशाच अक्षरात हवा, असं त्यात म्हटलं आहे. मराठी चित्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी टाकायची आपल्याकडे सवय आहे. मी मुलांना म्हटलं, अट इतकी महत्त्वाची असेल तर ती वाक्यातच घेऊ. "एक बटण" हा शब्द म्हणजे वाक्यात घेतलेली अटच आहे.

ऑफलाइन मोडची गोष्ट याहून गुंतागुंतीची निघाली. मी दुकानात असताना तीनला लाइट गेली, त्याबरोबर राउटर बंद पडला, आणि काकांच्या मुलानं सहज सांगितलं की आधी वापरलेलं एक ॲप अशा वेळी नुसतं गोल फिरत बसायचं. म्हणून फायदा सरळ होता: लाइट गेली तरी बिल थांबत नाही. पण दुकानात दोन फोन असतील आणि दोन्हींचं नेट गेलेलं असेल, तर शेवटचा एक बॉल व्हॉल्व्ह दोघंही विकू शकतात. नेट आल्यावर साठ्यात उणे एक दिसतो. त्याहून नाजूक गोष्ट बिल नंबरची. दोन्ही फोनांनी स्वतंत्रपणे २१४ नंबरचं बिल फाडलं तर जीएसटीच्या नियमात ते बसत नाही, कारण एका आर्थिक वर्षात बिलाचा क्रमांक एकमेव असावा लागतो. नियमात वेगवेगळ्या मालिका चालतात, म्हणून मुलांनी प्रत्येक फोनला वेगळं अक्षर दिलं होतं. एका फोनची मालिका ए पासून, दुसऱ्याची बी पासून. यादीत हे "मल्टि-सिरीज सपोर्ट" या नावानं सोळाव्या ओळीला पडलं होतं. चित्रावर ते "दोन काउंटर, दोन फोन, बिल नंबर कधीच सारखा नाही" असं आलं. साठ्याबद्दल मात्र आम्ही गप्प राहिलो नाही. खाली लिहिलं, "साठा नेट आल्यावर जुळतो."

जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण. त्या ओळीवर मी "११ तारखेच्या आत तयार" असं लिहिणार होते, कारण दर महिन्याला भरणाऱ्यांची ती तारीख असते. कर सल्लागारांनी थांबवलं. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही भरायची सोय आहे, त्यांची तारीख तिमाहीनंतरची १३. आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत असलेल्या दुकानदाराला हे विवरण लागतच नाही. शिवाय छोटा मालक विवरण स्वतः भरतच नाही, सल्लागाराकडे देतो. त्याचा त्रास वेगळा आहे: सल्लागाराच्या ऑफिसातून फोन येतो, बिलबुकं पाठवा, आणि बिलबुक तर चालू वापरात असतं. मग ओळ झाली, "सल्लागाराचा फोन आला की फाइल पाठवा. बिलबुक दुकानातच राहू द्या." यात तारीख नाही, त्यामुळे चूकही नाही.

सतरा ओळींतून शेवटी पाच घेतल्या. बाकीच्या वाईट नव्हत्या. कराचे दर एकदम बदलायची सोय तर फार उपयोगाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा काकांच्या मुलाला प्रत्येक ब्रँड उघडून दर बदलावा लागला होता. पण असा दिवस कित्येक वर्षांतून एकदा येतो. कॅरोसेलमध्ये आम्ही रोज किंवा दर महिन्याला येणारे क्षणच ठेवले. उरलेलं ॲपच्या माहितीत आहे, ज्याला हवं तो वाचेल.

पहिलं चित्र हा वादाचा विषय झाला. मुलांना तिथे ॲपचं नाव आणि "आलं आहे!" असं हवं होतं. मी म्हटलं, फलटणच्या काकांना तुमचं नाव माहीत नाही, आलं काय आणि गेलं काय. पहिल्या चित्रावर फक्त ठेकेदाराचं वाक्य ठेवू: "शेठ, हे माझं सामान नाही." बाकी काही नाही, मागे उघडी वही. हार्डवेअरवाला ते वाचून थांबणार, कारण त्यानं ते ऐकलेलं आहे. दुसऱ्याच्या काही ध्यानात येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. दुसरं चित्र मात्र पहिल्याशिवायही कळलं पाहिजे. पहिल्यावरून कुणी पुढे निघून गेलं तर इन्स्टाग्राम कधी कधी तीच पोस्ट दुसऱ्या चित्रापासून पुन्हा दाखवतं. म्हणून दुसऱ्यावर "कोणी नेलं, कुठल्या साइटला नेलं, ते बिलावरच" असं पूर्ण वाक्य घेतलं, नुसतं "उत्तर पुढे" असं नाही.

पण मला खरी काळजी व्हॉट्सॲपची होती. आमच्याकडे दुकानदारांपर्यंत गोष्ट पोचते ती व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरून. कुणाचा तरी मुलगा चित्रं उतरवून ग्रुपवर टाकतो, तिथे कॅरोसेल मोडतं आणि सुटे फोटो उरतात. चारापेक्षा जास्त असले की व्हॉट्सॲप त्यांची चौकट करतं आणि चौथ्यावर आकडा बसवून बाकीचे मागे लपवतं. म्हणून प्रत्येक चित्र एकटं पडलं तरी पुरतं असं केलं: एक क्षण, त्याचं एक उत्तर, आणि खाली ॲपचं नाव व फोन नंबर. "लिंक बायोमध्ये" असं कुठेही लिहिलं नाही, कारण ग्रुपवरच्या फोटोला बायो नसतो.

अक्षरांचंही बघावं लागलं. चित्र १०८० बाय १३५० चं, पण हातात येतं ते साध्या फोनवर, बाहेरच्या उन्हात, व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेलं. बारीक अक्षर तिथे विरघळतं. डिझाइन करणाऱ्या मुलानं ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलं होतं. वरच्या ओळीतल्या "वस्तू"चा उकार खालच्या ओळीतल्या "खर्च"च्या रफाराला जाऊन भिडला होता. अंतर अक्षराच्या दीडपट केलं तेव्हा दोन्ही सुटे झाले. आणि एका चित्रात "हिशेब" शब्दाची वेलांटी ह च्या पुढे जाऊन बसली होती, कारण सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नव्हती. ज्या ॲपच्या जाहिरातीत हिशेब हा शब्दच चुकलाय त्याच्यावर हिशेब कोण सोपवेल? म्हणून आता चित्र फोटो म्हणून बाहेर काढल्यावर मी ते फोनवर, अक्षर न् अक्षर वाचते. संगणकावर बरोबर दिसलं होतं, हे मी धरत नाही.

सगळं झाल्यावर पुन्हा फलटणला गेले. काउंटरच्या अलीकडून फोन पुढे धरला, तीन मोजले, फोन उलटा ठेवला आणि विचारलं, "काका, काय होतं त्यात?" पहिल्याला ते म्हणाले, "आमचा तो ठेकेदार." पाइपच्या चित्राला म्हणाले, "तुकड्यांचा हिशेब." मी सांगितलं, तुकडे कळत नाहीत, एकूण फूट कळतात. "तेवढं कळलं तरी बास. तुकडे मला पाठ असतात." मग सहावं चित्र दाखवलं, ज्यावर क्लाउड हा शब्द राहिला होता. काका गप्प झाले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "म्हणजे आमची विक्री किती ते त्या पोरांना दिसणार?"

आमच्या सतरा ओळींत या प्रश्नाला कुठेही जागा नव्हती. मुलांच्या मते क्लाउड म्हणजे फोन हरवला तरी हिशेब सुरक्षित. काकांच्या मते क्लाउड म्हणजे आपला गल्ला कुणा परक्याच्या कपाटात. दोघंही खरं बोलत होते. मी मुलांना फोन लावला आणि काकांसमोर विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की माहिती त्यांच्या सर्व्हरवर कुलूपबंद असते, पण एखादी अडचण सोडवायची वेळ आली तर मालकाच्या परवानगीनं ते उघडू शकतात. काकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग सहाव्या चित्रावर क्लाउड हा शब्द गेला आणि आलं: "फोन हरवला? नव्या फोनवर तोच हिशेब. तुमच्या परवानगीशिवाय आम्ही तो उघडत नाही." आणि मुलांनी त्याच आठवड्यात ॲपमध्ये परवानगीचं बटण ठळक केलं, ते आधी सेटिंगमध्ये खोलवर होतं. शेवटच्या चित्रावर वर्षाची किंमत स्पष्ट लिहिली आणि "तुमचं दुकान कशाचं आहे ते लिहून या नंबरवर पाठवा" एवढंच सांगितलं.

या वेळी लाइक आधीपेक्षा कमी आले. पण मेसेज आले, आणि त्यात माणसांची दुकानं होती. एकानं विचारलं, वायरचं बंडल मीटरनं विकतो, चालेल का? एकानं लिहिलं, माझे तीन ठेकेदार एकाच आडनावाचे आहेत, घोळ होईल का? हे वाचताना मला बरं वाटलं. आपला क्षण चित्रात सापडला की माणूस आपले तपशील घालून प्रश्न विचारतो. नुसतं "छान" आलं की समजावं, सापडला नाही.

चौथ्या दिवशी बारामतीकडच्या एका टाइल्सवाल्याचा मेसेज आला. "आमच्याकडे माल पेटीनं येतो, विकतो चौरस फुटानं, आणि पेटीत दोन-तीन फुटक्या निघतात. त्या कुठे लिहायच्या?" मुलांनी त्यांना कळवलं की पेटी आणि फूट जमेल, फुटक्यांचं आत्ता जमत नाही. त्यावर त्यांचं उत्तर आलं, सोबत त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो. उजव्या बाजूला एक अरुंद रकाना आखलेला होता, वर "फुटीर" असं लिहिलेलं, आणि खाली प्रत्येक पेटीपुढे बारीक आकडे. "आम्ही असं लिहितो," त्यांनी म्हटलं होतं. "तुम्हाला बघायला पाठवतोय."